नेमलेली वेळ आणि खरी वेळ: गिटहबवरची ठरलेली कामे उशिरा का सुरू होतात, आणि काही दिवसांनी थांबतात का?

गिटहब या संकेतस्थळावर प्रोग्रॅमचा मजकूर ठेवता येतो, तसेच तो मजकूर वापरून ठरावीक कामेही करून घेता येतात. या सोयीचे नाव ‘गिटहब अ‍ॅक्शन्स’. करायच्या कामाच्या पायऱ्या एका फाइलमध्ये लिहून ती रेपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या फाइलींच्या भांडारात ठेवली की तिला वर्कफ्लो म्हणतात. वर्कफ्लो सुरू होण्याची कारणे अनेक असू शकतात. कोणी नवा बदल नोंदवला, कोणी बटण दाबले किंवा घड्याळात ठरलेली वेळ झाली. यातले तिसरे कारण वापरणाऱ्यांना दोन अनुभव हमखास येतात. रात्री बाराला नेमलेले काम बारा वाजून वीस मिनिटांनी सुरू होते, आणि महिनोन्‌महिने बिनतक्रार चाललेले काम एके दिवशी सुरूच होत नाही. हे दोन्ही बिघाड वाटतात, पण दोन्ही गोष्टी त्या यंत्रणेच्या जाहीर नियमांत बसणाऱ्या आहेत.

एक साधे उदाहरण

एका वाचनालयाचे छोटे संकेतस्थळ आहे असे समजू. त्याच्या पहिल्या पानावर रोज दिनविशेष दिसतो. वर्षभराच्या नोंदी एका फाइलमध्ये आधीच भरलेल्या आहेत. रोज मध्यरात्री वर्कफ्लोने ती फाइल उघडायची, त्या तारखेची नोंद घ्यायची, नवे पान तयार करायचे आणि संकेतस्थळावर चढवायचे, एवढेच काम आहे. रेपॉझिटरी सार्वजनिक आहे, म्हणजे तिच्यातला मजकूर कोणालाही वाचता येतो. वर्कफ्लोच्या फाइलीचा वेळ ठरवणारा भाग असा दिसतो:

```yaml
on:
  schedule:
    - cron: '30 18 * * *'
  workflow_dispatch:
```

अवतरणांतल्या पाच खुणा क्रॉनच्या लिपीतल्या आहेत. क्रॉन हा युनिक्समधला जुना प्रोग्रॅम आहे, आणि नेमलेल्या वेळी नेमलेली आज्ञा चालवणे हे त्याचे काम. १९७९ मध्ये आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतही तो होता. पाच खुणा अनुक्रमे मिनिट, तास, महिन्यातली तारीख, महिना आणि वार सांगतात. चांदणीचा अर्थ ‘कोणताही’. म्हणून वरच्या ओळीचा अर्थ होतो: रोज १८ वाजून ३० मिनिटांनी. वेगळे काही सांगितले नसेल तर ही वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ धरली जाते. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते, त्यामुळे १८:३० यूटीसी म्हणजे भारतातली मध्यरात्र. शेवटच्या `workflow_dispatch` या ओळीमुळे हेच काम हवे तेव्हा बटण दाबूनही सुरू करता येते.

घरचा क्रॉन आणि गिटहबचा क्रॉन

लिपी तीच असली तरी मागची यंत्रणा वेगळी आहे. स्वतःच्या संगणकावरचा क्रॉन दर मिनिटाला जागा होतो, यादी पाहतो आणि वेळ झालेली आज्ञा तिथल्या तिथे चालवतो. यादीत पाच-पन्नास कामे असतात आणि संगणक त्यांच्यासाठी तयारच असतो. त्यामुळे ठरलेली वेळ आणि खरी वेळ यांत सहसा सेकंदांचाच फरक पडतो.

गिटहबवर तीच ओळ लिहिली की ती असंख्य रेपॉझिटरींच्या सामाईक यादीत जाते. वेळ झाल्यावर आधी मध्यवर्ती यंत्रणेला ‘या वर्कफ्लोची वेळ झाली’ अशी घटना तयार करावी लागते. मग रेपॉझिटरीच्या मुख्य शाखेवरची सगळ्यात ताजी नोंद घेऊन त्या कामाची एक फेरी, म्हणजे रन उभी राहते. रनमधली कामे रांगेत लागतात. शेवटी एखादा रनर मोकळा मिळावा लागतो. रनर म्हणजे काम प्रत्यक्ष करणारा संगणक. गिटहबच्या साध्या रनरवर प्रत्येक कामाला नवे, कोरे आभासी यंत्र मिळते आणि काम संपल्यावर ते टाकून दिले जाते. म्हणजे ‘वेळ झाली’ आणि ‘पहिली आज्ञा चालली’ यांच्यामध्ये अनेक टप्पे आहेत, आणि प्रत्येक टप्प्यावर इतरांचीही गर्दी आहे.

ही गर्दी दिवसभर सारखी नसते. माणसे वेळ ठरवताना गोल आकडे निवडतात: रोज मध्यरात्री, दर तासाला, सकाळी सहाला. त्यामुळे मिनिटाच्या जागी शून्य असलेल्या ओळी फार असतात. एकाच मुहूर्तावर गावातली सगळी लग्ने निघाली की कार्यालय, भटजी आणि वाजंत्री यांची जी ओढाताण होते, तीच इथे दर तासाच्या आरंभी होते. गिटहबची अधिकृत माहितीही हे स्पष्ट सांगते. भार जास्त असेल तेव्हा वेळापत्रकाच्या घटनेला उशीर होऊ शकतो, तासाची सुरुवात ही अशा भाराची वेळ आहे, आणि भार फारच वाढला तर रांगेतली काही कामे गाळलीही जाऊ शकतात.

शेवटचा मुद्दा सहज नजरेतून सुटतो. उशीर झालेले काम निदान होते तरी. गाळलेल्या कामाची भरपाई मात्र नंतर होत नाही. दर पाच मिनिटांनी काम नेमले (याहून कमी अंतर गिटहब स्वीकारत नाही) तरी तासाला बारा रन मिळतीलच असे नाही. नेमलेली वेळ म्हणजे ‘याच क्षणी’ असे वचन नसून ‘या क्षणानंतर, जमेल तेव्हा’ अशी विनंती आहे.

भारतात बसून वेळ ठरवणाऱ्याची यात आणखी एक फसगत होते. तासाची सुरुवात टाळायची म्हणून कोणी सकाळचे साडेसहा निवडले, तर यूटीसीत बरोबर एक वाजतो. म्हणजे गर्दी टाळायला गेलेला माणूस नेमका गर्दीत सापडतो. आपली साडेसहा, साडेसात, साडेआठ ही यूटीसीतल्या तासांची सुरुवात असते. उलट आपल्याकडचे पूर्ण तास यूटीसीत अर्ध्या तासावर पडतात, आणि अर्धा तास हाही अनेकांचा आवडता गोल आकडाच. त्यामुळे दोन्ही टाळून ७, १७, ४३ अशी आडनिडी मिनिटे निवडणे बरे. ठरलेली कामे चालवणाऱ्या इतर काही साधनांनी ही जबाबदारी माणसावर सोडलेलीच नाही. जेनकिन्स या प्रणालीत मिनिटाच्या जागी `H` हे अक्षर लिहिले की प्रणाली त्या कामाच्या नावावरून त्याचे स्वतःचे मिनिट ठरवते, आणि कामे आपोआप तासभर पसरतात.

उशीर नेमका कुठे झाला?

उशिराचे दोन भाग असतात आणि दोघांचे उपाय वेगळे आहेत. पहिला भाग म्हणजे घटना तयार व्हायलाच लागलेला वेळ, आणि दुसरा म्हणजे रन तयार झाल्यावर रनर मिळेपर्यंतची वाट. `gh` हे गिटहबचे आज्ञावलीचे साधन वापरून दोन्ही तपासता येतात:

```
gh run list --event schedule --limit 20 --json databaseId,createdAt
gh run view RUN_ID --json jobs
```

पहिली आज्ञा वेळापत्रकाने सुरू झालेल्या शेवटच्या वीस रन कधी तयार झाल्या ते दाखवते. दुसऱ्या आज्ञेत `RUN_ID` च्या जागी त्यातल्या एका रनचा `databaseId` हा क्रमांक घातला की तिच्यातले काम प्रत्यक्ष कधी सुरू झाले ते कळते. दोन्ही वेळा यूटीसीत असतात. समजा, दिनविशेषाचे काम १८:३० ला नेमले आहे, रन १८:५१ ला तयार झाली आणि काम १८:५२ ला सुरू झाले. मग एकवीस मिनिटे घटनेच्या टप्प्यावर गेली आणि रनरसाठी जेमतेम एक मिनिट. अशा वेळी स्वतःचा रनर, म्हणजे आपल्याच मालकीचा संगणक कामाला लावण्याचा काही उपयोग नाही, कारण घटना तरीही गिटहबच तयार करणार. स्वतःचा रनर दुसऱ्या भागातली वाट कमी करतो, पहिल्या भागातली नाही. उशीर मोजण्याआधी हा फरक न पाहिल्याने पुष्कळ श्रम वाया जातात.

उशिराने चुकणारी तारीख

दिनविशेषाच्या उदाहरणात वीस मिनिटांचा उशीर एरवी कोणाला जाणवणार नाही. खरी चूक दुसरीकडे लपलेली असते. १८:५२ यूटीसीला भारतात नवी तारीख सुरू झालेली असते, पण रनरचे घड्याळ यूटीसीवर असल्याने त्याच्या लेखी अजून कालचाच दिवस चालू असतो. स्क्रिप्टने रनरला नुसती ‘आजची तारीख’ विचारली तर पान रोज कालचा दिनविशेष दाखवेल. स्क्रिप्टने तारीख भारतीय वेळेने घेतली पाहिजे:

```
TZ=Asia/Kolkata date +%F
```

एवढे केल्यावर दुसरी अडचण समोर येते. गर्दी टाळण्यासाठी काम मध्यरात्रीच्या थोडे आधी, म्हणजे १८:०७ यूटीसीला नेमले, तर भारतात तेव्हा रात्रीचे ११:३७ झालेले असतात. काम वेळेवर सुरू झाले तर जुन्याच तारखेचे पान तयार होईल आणि अर्धा तास उशिरा सुरू झाले तर नव्या. उशीर झाला तरच उत्तर बरोबर, अशी ही विचित्र स्थिती आहे. कामाचा निकाल ते कोणत्या मिनिटाला सुरू झाले यावर अवलंबून असणे हीच मुळातली चूक आहे.

यावर दोन चांगले उपाय आहेत. एक, मध्यरात्रीनंतरच्या दोन-तीन वेळा नेमायच्या, उदाहरणार्थ १८:४७ आणि २०:२३ यूटीसी, आणि तेच काम कितीदाही झाले तरी निकाल तोच राहील अशी स्क्रिप्ट लिहायची. एक रन गाळली गेली तरी दुसरी पान बदलते, आणि दोन्ही झाल्या तरी काही बिघडत नाही. दुसरा उपाय अधिक पक्का आहे. वर्कफ्लोने एका दिवसाऐवजी पुढच्या काही दिवसांच्या नोंदी पानात घालायच्या आणि वाचकाच्या ब्राउझरने तारीख पाहून त्यातली योग्य नोंद दाखवायची. मग मध्यरात्रीला पान बदलण्यासाठी मध्यरात्रीलाच काम होण्याची गरज राहत नाही.

मिनिटाची अचूकता खरोखरच लागत असेल, तर घड्याळ गिटहबच्या बाहेर ठेवावे लागते. सतत चालू असलेल्या दुसऱ्या संगणकावरच्या क्रॉनने गिटहबला `workflow_dispatch` ची विनंती पाठवली की वेळापत्रकाची रांग टळते. मात्र त्यासाठी तो संगणक सांभाळणे आले आणि त्यावर गिटहबची गुप्त किल्ली जपून ठेवणेही आले. दिनविशेषासाठी एवढा खटाटोप कोणी करू नये.

साठ दिवसांचा नियम

आता दुसरा अनुभव. सार्वजनिक रेपॉझिटरीत साठ दिवस काहीच हालचाल झाली नाही, तर तिच्यातले वेळापत्रकी वर्कफ्लो गिटहब आपोआप बंद करतो. बंद म्हणजे पुसून टाकत नाही. फाइल जागच्या जागी राहते, जुन्या रनच्या नोंदीही राहतात, फक्त नव्या रन तयार होणे थांबते.

यामागचे कारण समजायला सोपे आहे. सार्वजनिक रेपॉझिटरींना गिटहबचे साधे रनर फुकट वापरता येतात. एखाद्याने हौसेने प्रकल्प सुरू करावा, त्यात रोजचे काम लावावे आणि विसरून जावे, असे नेहमी घडते. क्रॉनची ओळ एकदा लिहिली की ती स्वतःहून कधी संपत नाही. सोडून दिलेल्या अशा प्रकल्पांची कामे यंत्रे अडवत राहतील आणि तासाच्या आरंभीची गर्दी आणखी वाढेल.

अडचण अशी की यंत्रणा ‘सोडून दिलेला प्रकल्प’ आणि ‘पूर्ण झालेला, नीट चालणारा प्रकल्प’ यांत फरक करू शकत नाही. दिनविशेषाच्या प्रकल्पात वर्षभराच्या नोंदी १ जानेवारीला भरून झाल्या. त्यानंतर काही बदलण्याचे कारणच नाही. वर्कफ्लो रोज पान तयार करून संकेतस्थळावर चढवतो, पण रेपॉझिटरीत काही लिहीत नाही. वर्कफ्लो रोज धावला तरी ते धावणे हालचाल म्हणून धरले जात नाही. लीप वर्ष नसेल तर साठ दिवस २ मार्चला भरतात. शिवजयंती आणि मराठी भाषा गौरव दिन नीट दिसलेल्या पानावर मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक तारीख अडकते, आणि ८ मार्चला महिला दिनाची नोंद पाहायला आलेल्या वाचकाला शिळेच पान दिसते.

उलट, ज्या प्रकल्पांत वर्कफ्लो स्वतःच गोळा केलेली माहिती रेपॉझिटरीत कमिट करतो, म्हणजे बदल म्हणून नोंदवतो, तिथे ही वेळ सहसा येत नाही, कारण प्रत्येक कमिट ही हालचालच असते. पण तिथेही माहितीच बदलायची थांबली तर कमिट थांबतात आणि घड्याळ पुन्हा चालू लागते.

याच्या आसपासचे आणखी दोन नियम माहीत असावेत. दुसऱ्याच्या सार्वजनिक रेपॉझिटरीची फोर्क, म्हणजे स्वतःच्या खात्यावरची प्रत घेतली, तर तिच्यातली वेळापत्रके सुरुवातीपासूनच बंद असतात. तसेच, एखाद्या संस्थेच्या रेपॉझिटरीत क्रॉनची ओळ शेवटची ज्याने बदलली, त्या व्यक्तीला संस्थेतून काढले की ते वेळापत्रक बंद पडते. लिहिण्याचा अधिकार असलेल्या दुसऱ्या कोणी क्रॉनच्या ओळीत बदल करून कमिट केला की ते पुन्हा सुरू होते. कर्मचारी नोकरी सोडून गेल्यावर रात्रीचे काम अचानक थांबले, तर साठ दिवस मोजण्याआधी हे कारण तपासावे.

न झालेल्या कामाचा आवाज होत नाही

काम सुरू होऊन अपयशी ठरले तर लाल खूण दिसते आणि ईमेल येतो. काम सुरूच झाले नाही तर लाल खूण उमटायला रनच नसते. शेवटची रन हिरवी आणि यशस्वी दिसते; ती कितीशी जुनी आहे हे पाहावे लागते. बंद करण्याआधी गिटहब ईमेलने कळवतो, पण तो ईमेल इतर सूचनांच्या गर्दीत सहज हरवतो.

पुढची पहिली आज्ञा बंद असलेले वर्कफ्लोही यादीत दाखवते आणि दुसरी त्यातला एक पुन्हा सुरू करते:

```
gh workflow list --all
gh workflow enable dinvishesh.yml
```

यादीत वर्कफ्लोच्या नावासमोर `disabled_inactivity` असे दिसले तर कारण साठ दिवसांचे आहे. `disabled_manually` दिसले तर कोणीतरी हाताने बंद केले आहे. संकेतस्थळावर `Actions` या भागात जाऊन तो वर्कफ्लो निवडला तर तीच माहिती वर पट्टीत दिसते आणि शेजारी `Enable workflow` हे बटण असते. सुरू केल्यावर मधल्या दिवसांच्या चुकलेल्या रन आपोआप होत नाहीत. आजचे पान लगेच हवे असेल तर एक रन हाताने सुरू करावी लागते. `workflow_dispatch` ही ओळ आधीच लिहून ठेवल्याचा उपयोग इथे होतो.

बंद पडू नये म्हणून काही जण दर महिन्याला आपोआप रिकामा कमिट करणारी युक्ती वापरतात. त्याने नियम टळतो, पण नियमाचा हेतूही टळतो, आणि इतिहासात निरर्थक नोंदींची भर पडते. दिनविशेषासारख्या प्रकल्पाला प्रामाणिक मार्ग उपलब्ध आहे. वर्षभराच्या नोंदी एकदम न भरता दर महिन्याला पुढच्या महिन्याच्या नोंदी तपासून भराव्यात. त्यातून खरे काम होते, चुका सापडतात आणि हालचालही नोंदली जाते.

त्याशिवाय काम झाले की नाही याचा पहारा गिटहबच्या बाहेर असावा. प्रत्येक यशस्वी रनच्या शेवटी वर्कफ्लोने एखाद्या निरीक्षण सेवेला खबर द्यायची, आणि ठरलेल्या मुदतीत खबर आली नाही तर त्या सेवेने मालकाला कळवायचे, अशी ही रचना असते. मुदत ठरवताना उशिराला जागा ठेवावी. रोजच्या कामाला चोवीस तासांऐवजी सव्वीस-सत्तावीस तासांची मुदत दिली, तर वीस मिनिटांच्या उशिराने खोटी ओरड होत नाही आणि बंद पडलेले काम दुसऱ्याच दिवशी कळते. हे जमत नसेल तर निदान पानाच्या तळाशी ‘हे पान अमुक तारखेला तयार झाले’ अशी ओळ छापावी, म्हणजे शिळे पान वाचकालाही ओळखता येते.

गिटहबचे वेळापत्रक दिवसातून एकदा करायच्या, तास-दीड तास मागेपुढे चालणाऱ्या आणि अधूनमधून माणसाची नजर पडणाऱ्या कामांसाठी योग्य आहे. औषधाची आठवण, पैशांचा व्यवहार किंवा नेमक्या मिनिटाला द्यायचा इशारा त्याच्यावर सोपवू नये.